चवथीचे उरलेले वडे आणि काप पुन्हा कुरकुरीत कसे होतात

गोव्यात चवथ झाली की घराघरांत एकच दृश्य दिसतं. पाहुणे परतलेले असतात आणि फ्रीजमध्ये स्टीलच्या डब्यांची चळत लागलेली असते. एका डब्यात बटाटेवडे, दुसऱ्यात नीरफणसाचे काप, तिसऱ्यात मिरचीची भजी. अलीकडे त्यांच्या शेजारी भाजलेला फ्लॉवर, गाजर आणि कणग्याही दिसतात, कारण घरात ओव्हन किंवा एअर फ्रायर आलेला असतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाबरोबर डबे उघडतात आणि तिथेच फसगत होते. एअर फ्रायरमध्ये पाच मिनिटं ठेवलेला वडा बाहेरून चटका देतो, आतून थंडगार राहतो. दहा मिनिटं ठेवला तर साल चामड्यासारखी होते. फ्लॉवर तर नुसता ओलसर आणि गरम होतो.

फोंड्याला माझ्या वहिनीने यंदा सरळ विचारलं, "भावोजी, यंत्रावर आकडे आहेत, पुस्तिकेत तक्ता आहे, मग तरी दर वेळी वेगळंच का होतं?" पुस्तिकेतला तक्ता बहुधा कच्चा किंवा गोठवलेला पदार्थ शिजवण्यासाठी असतो. उरलेल्या पदार्थाचं दुखणं वेगळं आहे. ते समजलं की आकडे आपले आपल्याला ठरवता येतात.

सादळणं दोन प्रकारचं असतं

मराठीत 'सादळणं' हा नेमका शब्द आहे. श्रावणात उघडा राहिलेला पापड सादळतो, चकली सादळते. पापड आणि चकली आतपर्यंत कोरडी असतात. त्यांना मऊ करणारं पाणी बाहेरच्या दमट हवेतून येतं.

वड्याचं तसं नाही. वड्याच्या आत बटाटा आहे आणि बटाट्याचा बराचसा भाग पाणीच असतो. तळताना बेसनाच्या आवरणातलं पाणी वाफ होऊन उडून जातं, ते बुडबुडे आपल्याला कढईत दिसतात. आवरण जवळजवळ कोरडं आणि सच्छिद्र होतं, आतला बटाटा ओलाच राहतो. कढईतून काढल्याच्या क्षणापासून आतलं पाणी कोरड्या आवरणाकडे सरकू लागतं. तासाभरात साल नरम पडते आणि रात्रभरात पाणी सगळीकडे पसरतं. म्हणजे वडा बाहेरून नाही, आतून सादळतो. डबा कितीही घट्ट लावला तरी हे थांबत नाही. उलट गरम वडे डब्यात घालून झाकण लावलं, तर झाकणाला लागलेली वाफ थेंब होऊन पुन्हा त्यांच्याच अंगावर पडते.

पाणी शिरल्यावर मऊपणा का येतो, हेही एकदा समजून घेऊ. कोरडं बेसन किंवा रवा काचेसारखा वागतो, दाबला की तुटतो. तुटण्याचा तो आवाज म्हणजेच कुरकुरीतपणा. त्यात थोडं पाणी मुरलं की तोच थर रबरासारखा वाकतो. तापमानाचाही परिणाम तसाच होतो. फार गरम असताना हा थर जरा लवचीक असतो आणि निवू लागला की काचेसारखा होतो. म्हणून यंत्रातून काढल्या काढल्या वडा दाबून "अजून झाला नाही" म्हणू नका. जाळीवर दोन मिनिटं ठेवा आणि मग बोटाने टकटक करून पाहा. अशा घाईत पुष्कळ पदार्थ उगाच वाळवले जातात.

शिळेपणा ही वेगळी गोष्ट आहे

फ्रीजमधला वडा फोडला तर आतला बटाटा कोरडा आणि ठिसूळ लागतो. आपल्याला वाटतं की पाणी उडून गेलं. खरं तर पाणी बरंचसं तिथेच असतं. शिजताना फुगलेला स्टार्च थंड झाल्यावर पुन्हा घट्ट रचनेत बसतो आणि पाणी बाजूला ढकलतो. शिळी पोळी आणि शिळा भात कडक होतो तोही यामुळेच. फ्रीजच्या तापमानाला ही क्रिया सगळ्यात वेगाने होते, फ्रीझरमध्ये जवळपास थांबते.

दिलासा असा की साधारण ६० अंशांच्या वर तापवलं की ही घट्ट रचना बरीचशी सुटते आणि बटाटा पुन्हा मऊ होतो. म्हणजे एकाच वड्याला दोन उपचार हवेत. आतला भाग नीट तापला पाहिजे आणि बाहेरचा थर वाळला पाहिजे. पहिल्याला वेळ लागतो आणि दुसऱ्याला कडक, कोरडी, हलती हवा. दोन्ही एकाच आकड्यावर उरकायला गेलं की एक साधतं आणि दुसरं बिघडतं. वहिनीचा सगळा गोंधळ इथेच होता.

गोव्याच्या दमट हवेत हे जमतं का?

ही शंका रास्त आहे. जुलै ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतला दमटपणा अनेकदा ८० ते ९० टक्के असतो. अशा हवेत काही वाळेल कसं?

पण हवा किती दमट आहे हे ती किती गरम आहे यावर अवलंबून असतं. २८ अंशांची, ८५ टक्के दमट हवा यंत्रात ओढून १७० अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण पाणी सामावून घेण्याची तिची ताकद प्रचंड वाढते. तिचा दमटपणा एक टक्क्याच्याही खाली येतो. पणजीची पावसाळी हवा यंत्रात शिरली की कुठल्याही वाळवंटापेक्षा कोरडी होते. त्यामुळे वाळवण्याचं काम पावसाळ्यातही नीट होतं.

अडचण होते ती पदार्थातूनच निघणाऱ्या वाफेची. एअर फ्रायरचा पंखा ती मागच्या झरोक्यातून बाहेर टाकत राहतो. छोट्या ओव्हनमध्ये, म्हणजे ज्याला आपण ओटीजी म्हणतो त्यात, ती कोंडते. दाराच्या काचेवर धुकं दिसलं की समजावं, वाफ साठली आहे. मध्ये एकदा दार दोन-तीन सेकंद पूर्ण उघडून मिटलं की ती निघून जाते. ओव्हन थोडा थंड होतो, पण तेवढा तोटा परवडतो.

दमट हवेचा खरा त्रास नंतर सुरू होतो. कुरकुरीत झालेला पदार्थ थाळीत पसरून ठेवला तर पावसाळ्यात पंधरा-वीस मिनिटांतच फरक जाणवतो. म्हणून आधी चहा उकळायला ठेवा, मग यंत्र लावा.

चार वड्यांचा हिशोब

आता प्रत्यक्ष करून पाहू. मी चार वडे घेतले, रात्रभर फ्रीजमध्ये राहिलेले, प्रत्येकी साधारण पाच सेंटिमीटर जाडीचे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर चौघांचं वजन २१२ ग्रॅम भरलं.

गोल वड्याची अडचण त्याच्या जाडीत आहे. हवेची उष्णता सालीपर्यंत पटकन पोचते, पण बटाट्यातून आत फार सावकाश शिरते. जाडी दुप्पट झाली तर मध्यापर्यंत उष्णता पोचायला दुप्पट नाही, साधारण चौपट वेळ लागतो. पाच सेंटिमीटरच्या वड्याचा मध्य फ्रीजच्या चार अंशांवरून ७५ अंशांपर्यंत न्यायचा तर एअर फ्रायरमध्ये पंधरा मिनिटं सहज जातात. पाच मिनिटांत तो गार राहतो, यात यंत्राचा दोष नाही.

यावर दोन वाटा आहेत. घरात मायक्रोवेव्ह असेल तर चारही वडे मध्यम शक्तीवर, मध्य चांगला गरम होईपर्यंत फिरवा. तो आतलं पाणी थेट तापवतो, म्हणून मध्याचं काम तिथे उरकतं. साल आणखी ओली होते, तिला घाबरू नका, स्वच्छ फडक्याने हलक्या हाताने टिपून घ्या. मग आधी तापवलेल्या एअर फ्रायरमध्ये १९० अंशांवर चार मिनिटं ठेवा आणि अर्ध्यात उलटा. मायक्रोवेव्हला लोक नावं ठेवतात, कारण तो एकटा वापरला तर त्याच्या आतली हवा थंडच राहते आणि बाहेर आलेल्या वाफेला उडून जायला वाव मिळत नाही. पहिल्या पायरीसाठी मात्र त्याच्याइतकं चांगलं काही नाही.

मायक्रोवेव्ह नसेल तर वडे तळहाताने हलके दाबून चपटे करा, अडीच सेंटिमीटरपर्यंत. साल थोडी तडकली तरी चालेल. १५० अंशांवर सात-आठ मिनिटं, मग १९० वर तीन मिनिटं. गोलच ठेवायचे असतील तर १५० वर चौदा-पंधरा मिनिटं धरा. साध्या ओव्हनमध्ये पंखा नसतो, म्हणून तापमान दहा-वीस अंशांनी वाढवा आणि वेळ जवळजवळ दीडपट करा. वडे ताटलीवर नको, जाळीवर हवेत, म्हणजे खालची वाफ कोंडणार नाही. जाळीखाली एक ट्रे ठेवा, कारण तापल्यावर सालीतलं तेल पातळ होऊन गळतं. ते तेल गळणं चांगलंच असतं.

झाल्यावर मी एक वडा मधून फोडून पाहिला, आत वाफ होती. चौघांचं वजन २०३ ग्रॅम भरलं. नऊ ग्रॅम गेले, बहुतेक पाणी आणि थोडं तेल. चार वड्यांच्या सालीतून दोन चमचेसुद्धा पाणी काढायचं नव्हतं. एवढंसं पाणी उडवायला १४०० वॅटच्या यंत्राला हिशोबाने पंधरा सेकंदांची उष्णता पुरते. बाकीचा सगळा वेळ ती उष्णता पदार्थात शिरायला लागतो. म्हणून टोपली ठासून भरणं इतकं घातक ठरतं. वडे एकमेकांना चिकटले की हवेला जागा राहत नाही आणि उष्णता पोचण्याची एकमेव वाट बंद होते. दोन वड्यांमध्ये एक बोट अंतर ठेवा. आठ वडे असतील तर दोन फेऱ्या करा.

टोपलीत बटर पेपर घालण्याची सवयही सोडा. तो खालून येणारी हवा अडवतो, आणि यंत्र आधी तापवताना रिकामा ठेवला तर उडून वरच्या तापलेल्या तारेला चिकटतो. मिरचीच्या भज्यांबरोबर तळलेली कढीपत्त्याची पानं असतील तर तीही आधी काढून घ्या. ती हलकी असतात, पंख्याच्या झोताने वर उडतात आणि करपतात.

काप आणि भजी

नीरफणसाचे काप या बाबतीत सोपे आहेत. साधारण आठ मिलिमीटरचा काप मध्यापर्यंत लगेच तापतो, त्यामुळे त्याला दोन टप्पे लागत नाहीत. १८० अंशांवर तीन-चार मिनिटं, एकदाच उलटून. फक्त आधी सैल झालेला रवा हाताने झटकून घ्या, नाहीतर तो तळाशी पडून जळतो आणि धुरकट वास येतो. सुरणाच्या आणि वांग्याच्या कापांनाही हेच लागू आहे, मात्र वांग्यात पाणी जास्त असल्याने त्याची फक्त कड कुरकुरीत होते.

एअर फ्रायर नसला तर कापांसाठी लोखंडी तवा तितकाच चांगला आहे. सपाट पदार्थ तव्याला पूर्ण टेकतो, म्हणून मध्यम आचेवर झाकण न ठेवता दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं पुरतात. वड्याच्या बाबतीत तवा हरतो, कारण गोल पदार्थ तव्याला जेमतेम एका जागी टेकतो.

कांदाभजीला असंख्य टोकं असतात. टोकं आधी करपतात आणि पोट मागून तापतं. म्हणून तिला १६० अंशांवर पाच मिनिटं, आणि वाटलंच तर शेवटी मिनिटभर १८०. चकली आणि शंकरपाळी बाहेरच्या दमटपणाने सादळतात, त्यांच्या आत ओला भाग नसतो. त्यांना १४०-१५० अंशांवर चार-पाच मिनिटं दिली आणि पूर्ण निवल्यावर लगेच डबा लावला की झालं. इथे घट्ट डबा खरोखर उपयोगी पडतो.

पुन्हा तळलं तर?

होईल, कुरकुरीतही होईल. पण पदार्थ तेल सर्वांत जास्त पितो तो कढईतून बाहेर काढल्यावर. आतली वाफ निवून आकसते आणि अंगावरचं तेल छिद्रांतून आत ओढलं जातं. दुसऱ्यांदा तळलं की हे ओढणं दुसऱ्यांदा होतं. तळलेल्या पदार्थाला ओव्हनमध्ये वरून तेल लावायचीही गरज नाही, त्याच्या सालीत आधीच पुरेसं असतं. तेलाला खवट वास येत असेल तर मात्र कुठलंही यंत्र तो काढू शकत नाही.

रंगाकडेही लक्ष ठेवा. बटाट्यासारखे स्टार्चचे पदार्थ १२० अंशांच्या वर तपकिरी होताना त्यात ॲक्रिलामाइड नावाचं नको असलेलं रसायन तयार होतं, आणि रंग जितका गडद तितकं ते जास्त. सोनेरी रंगावर थांबा. पहिल्या दिवशीच गडद तळलेल्या पदार्थाला दुसऱ्या दिवशी कमी तापमान द्या.

भाजलेल्या भाज्यांना वेगळा न्याय

भाजलेल्या फ्लॉवरला बेसनाचं आवरण नसतं. त्याची कुरकुरीत वाटणारी कड म्हणजे स्वतःचं पाणी गमावलेला, साखर तपकिरी झालेला अगदी पातळ थर. खाली सगळं पाणीच, आणि भाजताना पेशींच्या भिंती फुटल्यामुळे ते धरून ठेवायला कुणी नाही. म्हणून फ्रीजमध्ये डब्याच्या तळाशी पाणी सुटतं.

इथे हळू तापवण्यात तोटाच होतो. जितका वेळ जास्त, तितकं आतून पाणी बाहेर येत राहतं आणि भाजी स्वतःच्याच रसात शिजते. म्हणून उलट पद्धत वापरा. सुटलेलं पाणी ओतून द्या, भाजी फडक्यावर पसरून टिपा. ओव्हन २२० अंशांवर तापवताना रिकामा ट्रेही आत ठेवा. पाव किलो भाजीला एक छोटा चमचा तेल चोळा. तळलेल्या पदार्थाला तेल नको म्हटलं आणि इथे हवं, कारण या खडबडीत कोरड्या कडेवर तेलाचा पातळ थर तापलेल्या ट्रेची उष्णता भाजीपर्यंत नेतो. गरम ट्रेवर एका थरात पसरा. 'चर्र' आवाज आला पाहिजे. आला नाही तर ट्रे पुरेसा तापलेला नाही. सहा ते आठ मिनिटं ठेवा, हलवू नका. एअर फ्रायरमध्ये २०० अंशांवर चार-पाच मिनिटं.

अपेक्षाही भाजीप्रमाणे ठेवावी. बटाटा, सुरण आणि कणगी यांच्यात स्टार्च आहे, त्यांची कड खरोखर कुरकुरीत होते. फ्लॉवरची टोकं होतात, देठ नाही. गाजर आणि दुध्याला फक्त भाजकी चव परत येते. ढब्बू मिरची आणि टोमॅटो यांचं काही होत नाही, ते उसळीत किंवा आमटीत घालावेत.

काय परत तापवू नये

यंत्र पदार्थ कुरकुरीत करतं, निर्धोक करतंच असं नाही. शिजवलेला पदार्थ दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवा. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या वड्याच्या बटाट्यात एक जिवाणू वाढू शकतो, भातातही तो वाढतो. त्याचं उलटी आणणारं विष १९० अंशांच्या हवेतही टिकतं. वडा छान खमंग होतो, विष तसंच राहतं. एका वेळी खायचं तेवढंच तापवा, एकदा तापवलेलं उरलं तर पुन्हा फ्रीजमध्ये घालू नका. दुसऱ्या दिवशीही संपणार नाहीत असं दिसलं तर वडे पहिल्या रात्रीच जाळीवर निववून फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेले वडे न वितळवता थेट १६० अंशांवर वीसेक मिनिटं तापवता येतात आणि ते फ्रीजमधल्यांपेक्षा चांगले लागतात, कारण त्यांना शिळं व्हायला वेळच मिळालेला नसतो.

बांगड्याच्या रवाफ्रायबद्दल मी सर्वांत कडक आहे. बांगडा, तारली आणि सुरमय उबेला राहिली की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगावर पित्तासारखे गांधे उठतात, डोकं दुखतं. हिस्टामिन तापवून जात नाही आणि मासा दिसायला, वासाला ठीकही असू शकतो. वेळेत फ्रीजमध्ये गेलेला तुकडा दुसऱ्या दिवशी १८० अंशांवर पाच मिनिटं खुशाल तापवा. जेवणानंतर ताटलीखाली झाकून सकाळपर्यंत राहिलेला तुकडा टाकून द्या. मांजरालाही घालू नका.